दोन पत्रके, बारा कोड: सवलतीच्या शब्दरचनेच्या चाचणीच्या प्रकल्प नोंदी

४ ऑगस्ट

व्यायामशाळेच्या पाच महिन्यांच्या सदस्यत्वासाठी घरोघरी पत्रके वाटण्याचे ठरले आहे आणि मजकुराचे दोन मसुदे समोर आहेत. पहिल्यात ‘पाच महिन्यांच्या शुल्कावर २० टक्के सवलत’ असे लिहिले आहे, तर दुसऱ्यात ‘पाच महिन्यांच्या सदस्यत्वात एक महिना मोफत’ असे. दोन्ही मसुद्यांचा हिशेब अगदी एकच आहे, कारण दोन्हींत ग्राहक चार महिन्यांचे शुल्क भरतो आणि पाच महिने येतो. ही समानता आम्ही मुद्दाम राखली आहे. एका पत्रकावर २० टक्के आणि दुसऱ्यावर २५ टक्के सवलत ठेवली असती, तर नंतर दिसणारा फरक शब्दांमुळे पडला की पैशांमुळे, हे पत्रकावर छापलेल्या कोणत्याही कोडवरून सांगता आले नसते. आम्हाला सवलत किती असावी हे शोधायचे नसून तीच सवलत कशी मांडावी हे शोधायचे आहे.

याच कारणासाठी पत्रकातील बाकी सर्व गोष्टी एकसारख्या ठेवायच्या आहेत: छायाचित्र, रंग, कागद, मथळ्याची जागा, अक्षरांचा आकार आणि अंतिम तारीख. दुसऱ्या मसुद्यात ‘मोफत’ हा शब्द मोठ्या अक्षरांत घ्यावा अशी सूचना आली होती. ती मान्य केली नाही. मोठ्या अक्षराचा परिणाम आणि शब्दाचा परिणाम एकदा मिसळले की ते वेगळे काढता येत नाहीत.

कोणता आकडा निर्णायक मानायचा तेही आजच लिहून ठेवत आहोत. पत्रक हातात घेऊन आलेल्या आणि पाच महिन्यांचे सदस्यत्व प्रत्यक्ष घेतलेल्या व्यक्तींची संख्या हाच मुख्य आकडा राहील. चौकशी करून परत गेलेल्यांची नोंद वेगळी ठेवली जाईल, परंतु निकाल तिच्यावर ठरणार नाही.

९ ऑगस्ट

आज कोड निश्चित केले. `FREE` आणि `SAVE20` यांसारखे कोड सुचवले गेले होते. ते आकर्षक असले तरी या कामाला निरुपयोगी आहेत. असा कोड स्वतःच जाहिरातीचा भाग बनतो आणि लक्षात राहण्याच्या बाबतीतही एक कोड दुसऱ्यापेक्षा सरस ठरतो. लक्षात राहिलेला कोड अधिक वेळा सांगितला जातो आणि तो वाढीव आकडा शब्दरचनेच्या खात्यावर जमा होतो. म्हणून अर्थ नसलेले, सारख्या लांबीचे कोड घेतले आहेत.

वाटपाचा परिसर सहा विभागांत वाटला असून प्रत्येक विभागासाठी प्रत्येक पत्रकाचा वेगळा कोड आहे, म्हणजे एकूण बारा कोड. पहिल्या विभागात टक्केवारीच्या पत्रकावर `TK471` आणि मोफत महिन्याच्या पत्रकावर `TK826` छापले जाईल. कोणत्याही दोन कोडांत एकच अंक वेगळा राहणार नाही आणि उलटसुलट अंकांची जोडीही येणार नाही, अशी काळजी घेतली आहे. `TK471` असताना `TK741` किंवा `TK491` वापरला, तर काउंटरवरच्या घाईत एक अंक चुकला की ग्राहक दुसऱ्या पत्रकाच्या खात्यात जाऊन बसतो आणि ही चूक नंतर कुठेही दिसत नाही. आताच्या रचनेत एक अंक चुकला, तर तयार होणारा कोड अस्तित्वातच नसतो आणि संगणक तो नाकारतो.

तेरावा कोड `TK593` कोणत्याही पत्रकावर छापला जाणार नाही. कुपनांची मोजणी बिघडते ती बहुतेक वेळा याच जागी, म्हणून हा मुद्दा सविस्तर नोंदवतो. पत्रक घरी विसरून आलेल्या ग्राहकाला सवलत नाकारणे काउंटरवरील व्यक्तीला जड जाते आणि तसे करणे धंद्याच्या दृष्टीनेही योग्य नाही. सवलत देण्यासाठी संगणकाला कोड हवा असतो, म्हणून जवळ जे पत्रक पडलेले असेल त्यावरचा कोड टाकून काम पुढे ढकलले जाते. यात कोणाचाही हेतू वाईट नसतो. तरीही काउंटरवर योगायोगाने पडून राहिलेले एक पत्रक अशा रीतीने डझनभर ग्राहक आपल्या नावावर करू शकते. `TK593` टाकल्यावर तीच सवलत मिळते, त्यामुळे ग्राहकाची अडचण होत नाही आणि खोटी नोंद करण्याची गरजही उरत नाही.

१३ ऑगस्ट

छपाईसाठी दोन्ही मजकूर एकाच मोठ्या कागदावर शेजारी-शेजारी बसवले आहेत, म्हणजे शाईचा गडदपणा आणि कागदाचा पोत दोन्हींत सारखाच येईल. प्रत्येकी ६,००० अशी एकूण १२,००० पत्रके आहेत. प्रत्येक विभागाच्या वाट्याला दोन्ही प्रकारची एकेक हजार येतील.

वाटप कसे करावे यावर बराच विचार झाला. तीन विभागांना एक पत्रक आणि उरलेल्या तीनांना दुसरे, असे वाटप सर्वांत सोपे होते. पण मग मोजला गेला असता तो शब्दांतला फरक नव्हे, तर वस्तीतला फरक. एका भागात तरुण भाडेकरू अधिक असतील, दुसरा भाग व्यायामशाळेपासून लांब असेल, तिसऱ्यात त्या दिवशी पाऊस पडून पत्रके भिजतील. एका आठवड्यात एक आणि पुढच्या आठवड्यात दुसरे पत्रक वाटले, तर जागेच्या फरकाऐवजी काळाचा फरक शिरतो. म्हणून कापणी झाल्यावर दोन्ही गठ्ठ्यांतून एकाआड एक पत्रक उचलून मिश्र गठ्ठे बांधले आहेत. वाटणाऱ्याने वरून एकेक पत्रक काढून ओळीने पत्रपेट्यांत टाकायचे, एवढीच सूचना आहे. कोणते पत्रक कोणाला द्यायचे हे ठरवायला त्याला वावच ठेवलेला नाही.

या पद्धतीचा एक तोटा आम्हाला ठाऊक आहे. एकाच जिन्यावर दोन्ही पत्रके पोहोचणार, त्यामुळे शेजारी ती एकमेकांना दाखवू शकतात. सवलत समान असल्यामुळे कोणाला अन्याय वाटण्याचे कारण नाही, मात्र कोडांची थोडी सरमिसळ होईल. अशा सरमिसळीमुळे दोन्ही पत्रकांतला फरक असतो त्यापेक्षा लहान दिसतो. वस्तीचा फरक निकाल उलटा करू शकतो; त्या मानाने ही हानी सोसण्याजोगी आहे.

याशिवाय सहाही विभागांतील काही गल्ल्या चिठ्ठ्या टाकून निवडल्या आणि पूर्णपणे वगळल्या. त्यांत एकूण ३,००० घरे आहेत आणि तिथे कोणतेही पत्रक जाणार नाही. पत्रक न पाहताही किती लोक येतात, हे कळण्याचा दुसरा मार्ग आम्हाला दिसत नाही.

१८ ऑगस्ट

आज पहिल्या विभागात वाटप झाले. उरलेले विभाग या आठवड्यात पूर्ण होतील. दोन्ही पत्रकांवर १५ सप्टेंबर ही एकच अंतिम तारीख आहे.

काउंटरवर नोंदणीच्या पानात तीन रकाने वाढवले आहेत: कोड, पत्ता कोणत्या विभागातला, आणि कोड कसा मिळाला. तिसऱ्या रकान्यात ‘पत्रक हातात’, ‘मोबाइलवरील छायाचित्र’ आणि ‘तोंडी’ असे तीनच पर्याय आहेत. काउंटरवर बोलण्याचा क्रमही ठरवून दिला आहे. आधी ‘तुमच्याकडे काही कोड आहे का?’ एवढेच विचारायचे, उत्तर लिहायचे आणि मगच सवलतीविषयी बोलायचे. ‘एक महिना मोफतवाले पत्रक मिळाले का?’ असे विचारले, की ज्याला काहीच आठवत नाही तोही हो म्हणतो. चौकशीसाठी येऊन सदस्यत्व न घेता परत जाणाऱ्यांचाही कोड आणि परत जाण्याचे कारण एका ओळीत लिहायचे आहे.

२७ ऑगस्ट

आतापर्यंत टक्केवारीच्या पत्रकावर ८ आणि मोफत महिन्याच्या पत्रकावर २० सदस्य आले आहेत. व्यवस्थापकांनी फरक पाहून चाचणी इथेच थांबवावी आणि पुढील छपाई मोफत महिन्याच्या मजकुराने करावी, असे सुचवले. त्यांचा आग्रह समजण्यासारखा आहे, पण तो मान्य करता येत नाही. त्याचे कारण त्यांना सांगितले तसेच येथे लिहून ठेवतो.

दोन्ही पत्रके समान संख्येने वाटली आहेत. शब्दांचा काहीच परिणाम होत नसेल, तर येणारे प्रत्येक कुपन या पत्रकाचे की त्या पत्रकाचे, हे नाणेफेकीसारखे ठरेल. अशा वेळी दोन आकड्यांतील फरक केवळ योगायोगाने साधारण एकूण कुपनांच्या वर्गमुळाएवढा पडू शकतो. त्याच्या दुपटीहून मोठा फरक योगायोगाने पडण्याची शक्यता सुमारे २० पैकी १ इतकीच असते, म्हणून ती दुप्पट आम्ही मर्यादा मानली आहे. आज एकूण २८ कुपने आहेत, त्यांचे वर्गमूळ सुमारे ५.३ आणि दुप्पट सुमारे १०.६, फरक १२ आहे. म्हणजे आजचा आकडा मर्यादा ओलांडतो.

परंतु २० पैकी १ ही शक्यता एकदाच आणि आधी ठरवलेल्या दिवशी पाहिले, तरच खरी ठरते. रोज संध्याकाळी आकडे पाहायचे आणि मर्यादा ओलांडली गेली की थांबायचे, असे केले तर योगायोगाला रोज एक नवी संधी मिळते आणि फसण्याची शक्यता कितीतरी वाढते. सुरुवातीच्या थोड्या आकड्यांत फरक असाच मोठा दिसतो आणि पुढे पुष्कळदा आवळत जातो. चाचणी अंतिम तारखेपर्यंत चालू राहील आणि मधले आकडे यापुढे फक्त नोंदींतील दोष शोधण्यासाठी पाहिले जातील.

३ सप्टेंबर

असा एक दोष आज आढळला. तिसऱ्या विभागातील मोफत महिन्याच्या पत्रकाचा कोड दोन दिवसांत अचानक खूप वेळा वापरला गेला, आणि त्यांतील बहुतेक ग्राहकांचे पत्ते इतर विभागांतले निघाले. तिसऱ्या रकान्यात जवळजवळ सर्वत्र ‘मोबाइलवरील छायाचित्र’ अशी नोंद होती. काही ग्राहकांना विचारल्यावर कळले, की एका रहिवाशाने पत्रकाचे छायाचित्र काढून ओळखीच्या लोकांच्या गटात पाठवले होते.

कोड फुटल्याची लक्षणे अशी एकत्रच येतात: एकाच कोडाची थोड्या काळातली गर्दी, विभागाशी न जुळणारे पत्ते आणि हातात कागद नसणे. संपूर्ण परिसरासाठी दोनच कोड ठेवले असते, तर यांपैकी मधले लक्षण दिसलेच नसते आणि ही गर्दी मजकुराचे यश म्हणून मोजली गेली असती. छायाचित्र पाठवणाऱ्याच्या हाती ते पत्रक निव्वळ योगायोगाने पडले. त्याच्या शेजाऱ्याने पाठवले असते, तर हीच गर्दी टक्केवारीच्या बाजूला गेली असती. ‘मोफत’ हा शब्द लोकांना पुढे पाठवावासा वाटतो, असेही यातून कोणी म्हणेल; पण एका व्यक्तीच्या एका कृतीवरून तसा निष्कर्ष काढता येणार नाही. या ग्राहकांना सवलत पूर्ण मिळेल. मुख्य आकड्यात मात्र ते धरले जाणार नाहीत, कारण ‘पत्रक हातात’ ही अट आम्ही ४ ऑगस्टलाच लिहून ठेवली होती. हीच अट आकडे पाहिल्यानंतर घातली असती, तर तिला काही किंमत उरली नसती.

१७ सप्टेंबर

मुदत संपली असून मुख्य मोजणी पूर्ण झाली आहे. टक्केवारीच्या पत्रकावर विभागवार ९, ७, ११, ८, ६ आणि १० असे एकूण ५१ सदस्य आले. मोफत महिन्याच्या पत्रकावर त्याच क्रमाने १४, १२, १५, ७, १३ आणि १७ असे एकूण ७८ आले.

दोन्ही मिळून १२९, त्यांचे वर्गमूळ सुमारे ११.४ आणि दुप्पट सुमारे २२.७. प्रत्यक्ष फरक २७ आहे, म्हणजे तो मर्यादेच्या बाहेर आहे, पण फार दूर नाही. सहा विभागांपैकी पाच विभागांत मोफत महिन्याचे पत्रक पुढे राहिले आणि चौथ्या विभागात एका सदस्याने मागे पडले. एवढ्या लहान आकड्यांत एखादा विभाग उलटा जाणे स्वाभाविक आहे, म्हणून चौथ्या विभागाच्या लोकांना टक्केवारी आवडते असा अर्थ लावू नये. विभागवार आकड्यांचा उपयोग इतकाच, की सारा फरक एखाद्याच विभागातून आलेला नाही हे त्यांवरून दिसते.

हातात पत्रक नसलेले आणि विभागाशी न जुळणारे कोडही धरले असते, तर ५५ विरुद्ध ९३ असे दिसले असते. दिशा तीच राहिली असती, पण फरक २७ ऐवजी ३८ झाला असता आणि त्याचा मोठा भाग त्या एका छायाचित्राचा असता.

२० सप्टेंबर

मोजणीत राहून गेलेला सर्वांत अवघड प्रश्न आज हाती घेतला. कोड वापरणारा ग्राहक पत्रकामुळेच आला, असे कोड सांगत नाही. ज्याला व्यायामशाळेत यायचेच होते आणि त्याच आठवड्यात ज्याच्या पत्रपेटीत पत्रक पडले, तोही कोड वापरतो. कोणी का वापरणार नाही? म्हणून १२९ सदस्य पत्रकांनी आणले, असे लिहिणे योग्य होणार नाही.

वगळलेल्या ३,००० घरांतून याच काळात १५ नवे सदस्य आले. पत्रक पोहोचलेल्या १२,००० घरांतून, कोड असलेले आणि नसलेले सर्व धरून, १५० आले. वगळलेल्या घरांच्या प्रमाणाने १२,००० घरांतून पत्रकाविना सुमारे ६० सदस्य आलेच असते. म्हणजे पत्रकांनी आणलेले सदस्य सुमारे ९० होतात. हा अंदाज बराच सैल आहे, कारण १५ हा लहान आकडा चौपट करताना त्यातली अनिश्चितताही चौपट होते. योगायोगाला वाव देऊन पाहिले, तर खरा आकडा ५० ते १३० यांच्या दरम्यान कुठेही असू शकतो. वगळलेली घरे दुप्पट ठेवली असती, तर हा पट्टा काहीसा अरुंद झाला असता.

तरीही या सैल अंदाजाने दोन मजकुरांची तुलना ढिली होत नाही, हे समजून घेण्यासारखे आहे. पत्रके एकाआड एक वाटली असल्यामुळे, ज्यांना यायचेच होते अशा लोकांच्या हाती दोन्ही प्रकारची पत्रके सारख्याच प्रमाणात गेली असणार. त्यामुळे वजाबाकीत ते दोन्ही बाजूंनी कटतात आणि २७ चा फरक तसाच उभा राहतो. बदलते ते गुणोत्तर. ५१ आणि ७८ पाहून मोफत महिन्याचे पत्रक दीडपट प्रभावी वाटते, पण प्रत्येक बाजूचे २० जण एरवीही आले असते असे धरले, तर उरतात ३१ आणि ५८, म्हणजे जवळजवळ दुप्पट. म्हणून अहवालात आम्ही ‘दर ६,००० पत्रकांमागे २७ सदस्य अधिक’ असे लिहिणार आहोत, ‘इतके पट’ असे नाही.

२४ सप्टेंबर

परत गेलेल्यांच्या नोंदी आज वाचून संपवल्या आणि त्यांनी निकालाला एक वेगळी बाजू दिली. पत्रक घेऊन चौकशीला आलेल्यांत टक्केवारीचे ६२ होते आणि त्यांपैकी ५१ जणांनी सदस्यत्व घेतले. मोफत महिन्याचे ११२ आले आणि त्यांपैकी ७८ जणांनी घेतले. परतणाऱ्यांची संख्या एकीकडे ११ आणि दुसरीकडे ३४ आहे. या ३४ जणांच्या कारणांत एकच गोष्ट पुन्हा पुन्हा आली आहे: पहिला महिना मोफत येता येईल, आवडले तर पुढचे शुल्क भरू, असा त्यांचा समज झाला होता. मजकुरात ‘पाच महिन्यांच्या सदस्यत्वात’ हे शब्द स्पष्ट होते, तरी नजर ‘एक महिना मोफत’ वरच थांबली.

हे लोक नाराज होऊन गेले, आणि शेजारच्याच वस्तीत राहणाऱ्या ३४ लोकांची नाराजी सदस्यांच्या मोजणीत कुठेही येत नाही. मोफत महिन्याच्या मजकुराने अधिक सदस्य आणले हे खरे; पण त्यातील आकर्षणाचा किती भाग सवलतीचा आणि किती भाग गैरसमजाचा, हे या चाचणीतून वेगळे करता येत नाही. गैरसमज झालेल्यांपैकी काहींनी काउंटरवर आल्यावर भिडेखातर सदस्यत्व घेतले असण्याचीही शक्यता आहे. त्यासाठी दोन्ही गटांतील सदस्य तिसऱ्या महिन्यातही येत आहेत का, हे हजेरीवरून पाहिले जाईल. नोंदणीत कोड कायम ठेवल्यामुळे ते शक्य आहे.

पुढील वाटपासाठी टक्केवारीचा मजकूर वगळला आहे. ‘एक महिना मोफत’ हाच मजकूर ‘चार महिन्यांचे शुल्क भरा, पाच महिने या’ या मजकुराशी ताडून पाहायचा आहे. सवलत तीच राहील, परंतु आधी शुल्क भरावे लागेल ही गोष्ट दुसऱ्या मजकुरात पहिल्याच शब्दांत येते. बारा नवे कोड तयार करण्यास दिले आहेत. जुने कोड पुन्हा वापरले जाणार नाहीत, कारण ते छायाचित्र अजूनही लोकांच्या मोबाइलवर असेल. या वेळी प्रत्यक्ष सदस्यत्वासोबत चौकशीनंतर परतणाऱ्यांचे प्रमाणही निर्णायक आकडा म्हणून आधीच लिहून ठेवले आहे, आणि वगळायच्या घरांची संख्या ६,००० केली आहे.